उलट्या फोटोतले सहा आणि नऊ

दहावीची मुलं गणितात अडली की मला पुस्तकाच्या पानाचा फोटो पाठवतात. वेळ रात्री साडेनऊनंतरची, सोबत मजकूर एवढाच : ‘मॅडम, हे येत नाही.’ फोटो उघडला की पान कधी आडवं झोपलेलं असतं, कधी पायांवर उभं राहायचं सोडून डोक्यावर. शाब्दिक उदाहरण असेल तर फारसं बिघडत नाही. उलटी अक्षरं वाचताच येत नाहीत, त्यामुळे माणूस मुकाट्याने फोटो फिरवतो. खरा घोटाळा होतो तो सांख्यिकीच्या प्रकरणात. तिथे सारणी असते, सारणीत आकडे असतात, आणि आकडे उलटे असले तरी वाचता येतात. निदान वाचता आले असं वाटतं.

मागच्या वर्षी अशाच एका फोटोवरून मी चुकीचं उत्तर पाठवलं होतं. सूत्र बरोबर, गुणाकार बरोबर, बेरीजही जुळलेली. चूक झाली होती गणित सुरू होण्याच्या आधी, वाचताना. ते उदाहरण इथे पूर्ण मांडते, कारण अशी चूक कुठे लपते आणि कुठे सापडते हे त्यात छान दिसतं. आकड्यांचा आकार हाच इथे मुद्दा असल्याने पानावरचे आकडे छापले होते तसेच दाखवते आहे.

एका गावातले 50 शेतकरी दूध संकलन केंद्रावर रोज किती लिटर दूध घालतात, त्याची वारंवारता सारणी होती. डावीकडे वर्ग, उजवीकडे शेतकऱ्यांची संख्या. दुधाचा मध्य काढायचा होता.

0–10 लिटर : 6 शेतकरी
10–20 लिटर : 9 शेतकरी
20–30 लिटर : 16 शेतकरी
30–40 लिटर : 11 शेतकरी
40–50 लिटर : 8 शेतकरी

हे पान मुलीने वहीत स्वतःच्या हाताने उतरवलं होतं आणि फोटो अगदी उलटा आला होता, म्हणजे अर्ध्या फेरीने फिरलेला. अर्ध्या फेरीत दोन गोष्टी एकदम होतात. वरचं खाली जातं आणि डावं उजवीकडे जातं. त्यामुळे शेतकऱ्यांचा स्तंभ डावीकडे आला, वर्गांचा उजवीकडे, शीर्षकं तळाला गेली आणि शेवटची ओळ सर्वांत वर चढली. डावीकडचा स्तंभ वरून खाली वाचला तर आकडे असे दिसत होते : 8, 11, 91, 6, 9.

या पाचांत एकही आकडा उलटा वाटत नाही. इंग्रजी अंकांत 0, 1 आणि 8 हे उलटे केले तरी स्वतःसारखेच राहतात, आणि 6 व 9 एकमेकांची जागा घेतात. उरलेले 2, 3, 4, 5, 7 उलटे झाले की ओरडून सांगतात, की आम्ही उलटे आहोत. या सारणीत शेतकऱ्यांच्या स्तंभात असा ओरडणारा एकही अंक नव्हता. ओरडणारे सगळे वर्गांच्या स्तंभात होते.

अशा वेळी डोकं एक लबाडी करतं. पान उलटं आहे हे कळलेलं असतं. म्हणून आपण मनातल्या मनात ते फिरवून वाचायला लागतो. उलटा लटकलेला 4 दिसला की तो 4 म्हणून ओळखतो. खालची ओळ पहिली हेही लक्षात ठेवतो. पण मधेच एखादा आकडा सुलटा दिसतो, आणि जे सुलटं दिसतंय ते फिरवायची गरज डोक्याला वाटत नाही. उलट्या पानावरचा 6 हा डोळ्यांना देखणा, सरळ 9 दिसतो. तो तसाच उचलला जातो. पानातले अर्धे अंक फिरवलेले आणि अर्धे न फिरवलेले, अशी ही खिचडी असते.

मी केलं ते नेमकं हेच. ओळींचा क्रम खालून वर बरोबर लावला. 91 शेतकरी हा आकडा 50 पेक्षा मोठा, तेव्हा तिथे थबकले आणि तो उलटा 16 आहे हे ओळखलं. पण पहिल्या दोन ओळींतले एकटे 9 आणि 6 जसे दिसले तसे घेतले. माझी सारणी झाली 9, 6, 16, 11, 8. मग शिकवते तसा बेरजेचा ताळा पाहिला. नऊ अधिक सहा पंधरा, पंधरा आणि सोळा एकतीस, अकरा बेचाळीस, आठ पन्नास. प्रश्नातही 50 शेतकरी. ताळा जुळला, मी निर्धास्त झाले.

ताळा जुळणारच होता. सहाच्या जागी नऊ वाचल्यामुळे तीन वाढले आणि नऊच्या जागी सहा वाचल्यामुळे तीन कमी झाले. दोन चुकांनी एकमेकींना झाकलं. माझ्या आकड्यांनी वर्गमध्य आणि वारंवारता यांच्या गुणाकारांची बेरीज 1280 येते आणि मध्य 25.6 लिटर. खरी बेरीज 1310 आहे आणि खरा मध्य 26.2 लिटर. दोन्ही उत्तरं नीटनेटकी आहेत आणि दोन्ही खरी वाटतात. मुलीने पुस्तकामागचं उत्तर पाहून ‘मॅडम, सव्वीस पूर्णांक दोन आहे’ असं कळवलं नसतं तर मला ते कधीच समजलं नसतं.

नंतर मी गंमत म्हणून त्याच चुकीच्या सारणीवरून मध्यक आणि बहुलकही काढून पाहिले. मध्यकासाठी पन्नासाच्या निम्मे, म्हणजे पंचविसावा शेतकरी कुठल्या वर्गात येतो ते पाहायचं असतं. तो 20–30 या वर्गात येतो. त्याआधीची संचित वारंवारता 15 आहे, मग ती 6 आणि 9 मिळून होवो की 9 आणि 6 मिळून. म्हणून मध्यक दोन्ही सारण्यांवरून 26.25 च येतो. चूक पोटात असूनही उत्तर बरोबर. बहुलकाचं उलट झालं. त्यात सर्वांत मोठ्या वारंवारतेच्या शेजारची वारंवारता लागते आणि तीच बदललेली होती. खरा बहुलक 25.83, चुकीच्या सारणीवरून 26.67. एकाच वाचनचुकीने मध्य खाली ओढला, बहुलक वर ढकलला आणि मध्यकाला बोटही लावलं नाही. एक उत्तर बरोबर आलं म्हणून सारणी बरोबर वाचली असं म्हणता येत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. तोवर वीस वर्षं सांख्यिकी शिकवत होते.

मी तो 16 सुद्धा अर्धवट फिरवला असता तर? उलट्या पानावर तो 91 दिसतो. काही मुलं क्रम फिरवतात पण अंक फिरवत नाहीत. त्यांच्या हाती 19 लागतो. तेव्हा शेतकरी होतात 9, 6, 19, 11, 8, म्हणजे एकूण 53. प्रश्नात 50 आहेत, तेव्हा इथे ताळा चूक लगेच पकडतो. शिवाय मध्य काढायला गेलं तर 1355 भागिले 53 असा न संपणारा भागाकार येतो. पाठ्यपुस्तकातल्या उदाहरणांची उत्तरं बहुतेक वेळा दोन दशांश स्थळांत मिटतात, म्हणून असा लांबत जाणारा भागाकार दिसला की मी पेन ठेवून सारणीकडे परत जाते. हा नियम नव्हे, सवयीने आलेला संशय आहे. पण उपयोगी पडतो.

तर बेरजेचा ताळा चांगला, पण तो विसंबून राहण्याइतका चांगला नाही. सारणीत 6 आणि 9 जोडीने असतील तर तो आंधळा होतो.

मग करायचं काय? मनात फिरवायचं नाही, फोटोच फिरवायचा. हे सांगायला सोपं आहे, पण मोबाइल हातात घेऊन करताना एक प्रहसन घडतं ते सगळ्यांनी अनुभवलेलं आहे. फोटो उलटा दिसतो म्हणून आपण फोन फिरवतो, तर फोन म्हणतो, मालकाने मला वळवलं, आणि चित्रही वळवून देतो. आपण आणखी वळवतो, ते आणखी वळतं. शेवटी मान वाकडी करून वाचणारी माणसं मी शिक्षकखोलीत पाहिली आहेत. यावर उपाय दोन. एक, फोनची ऑटो रोटेट सोय बंद करायची. मग चित्र जागेवर राहतं आणि फोन खुशाल उलटा धरता येतो. दुसरा जास्त चांगला : गॅलरीत फोटो उघडून ‘एडिट’मध्ये जायचं आणि फिरवण्याचं बटण दाबायचं. एका दाबाला पाव फेरी. उलट्या फोटोला दोनदा, आडव्याला एकदा किंवा तीनदा. मग जतन करायचं, म्हणजे पुन्हा उघडल्यावर तोच गोंधळ नको.

सुलटं कुठलं हे ठरवायला मराठी वाचकाला एक फायदा आहे, तो इंग्रजी वाचणाऱ्याला नाही. आपल्या अक्षरांना शिरोरेषा असते. सारणीच्या शीर्षकातला ‘वर्ग’ किंवा ‘वारंवारता’ हा एक शब्द शोधायचा, तो वाचताही आला नाही तरी चालेल, फक्त त्याची रेघ कुठल्या बाजूला आहे ते पाहायचं. रेघ वर असेल तर पान सुलटं. खाली असेल, जणू कुणी शब्दाला अधोरेखित केलंय, तर पान उलटं. रेघ उजवीकडे उभी असेल तर पान घड्याळाच्या दिशेने पाव फेरी फिरलेलं आहे, ते तेवढंच उलट दिशेने आणायचं. डावीकडे असेल तर त्याच्या उलट. फोटो धूसर असला, अक्षरं फुटली असली, तरी ही रेघ सहसा टिकते. म्हणून मी मुलांना सांगते, नुसती सारणी कापून पाठवू नका. वरची एक ओळ मराठी मजकुराची येऊ द्या. आकड्यांची बाजू आकडे सांगत नाहीत, शब्द सांगतात.

शब्द नसलेच तर छापील अंकांकडे बारकाईने पाहावं लागतं. छापील 8 चा वरचा डोळा खालच्यापेक्षा किंचित लहान असतो. उलटा केला की तो डोकं जड झाल्यासारखा दिसतो. छापील 1 ला वर लहानसा तुरा असतो, तो उलट्यात पायाशी जातो. हातच्या अक्षरात मात्र हे दोन्ही साक्षीदार बहुधा गैरहजर असतात. मुलांचा 1 म्हणजे एक काठी आणि 8 म्हणजे दोन सारखी वर्तुळं. माझ्या उदाहरणात नेमकं तेच होतं.

दशांशचिन्ह हा आणखी एक साक्षीदार, आणि माझा आवडता. टिंब अंकांच्या पायाशी, ओळीवर बसतं. पान उलटलं की ते अंकांच्या माथ्याशी जातं. 6.8 उलटा केला की 8.9 दिसतो, पण त्यातलं टिंब वर टांगलेलं असतं. टिंब वर दिसलं की समजायचं, काहीतरी उलटं आहे. फक्त हे टिंब फोटोतली सर्वांत नाजूक गोष्ट आहे. समाजमाध्यमांतून फोटो पाठवताना तो दाबला जातो आणि पहिला बळी टिंबाचा जातो. मूळ फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवली तर ते टिकतं.

देवनागरी अंकांची गोष्ट थोडी वेगळी आहे. आपल्याकडे ज्यांचं पटत नाही त्यांच्यात छत्तीसचा आकडा आहे म्हणतात, कारण ३ आणि ६ एकमेकांकडे पाठ करून बसलेले दिसतात. आता ३६ कागदावर मोठा लिहा आणि कागद अर्ध्या फेरीने फिरवा. ३ चा झाला ६ सारखा, ६ चा झाला ३ सारखा, आणि जागाही बदलल्या, म्हणून परत ३६! भांडण उलटं करूनही मिटत नाही. पण सारखा म्हणजे तंतोतंत नव्हे. सुलट्या ३ आणि ६ या दोघांचं शेपूट खाली असतं. उलट्यात ते वर जातं. देवनागरी अंकांची सारणी उलट्या फोटोत आली तर ३ आणि ६ यांची शेपटं पाहावीत. इंग्रजी 6 आणि 9 ना अशी खूण नाही. ते छापखान्यात एकच खिळा उलटा बसवल्यासारखे असतात.

ही अडचण जुनीच आहे. बिलियर्ड्सच्या चेंडूंवर सहा आणि नऊखाली रेघ असते ती याचसाठी. हाउजी खेळताना पिशवीतून सोंगटी काढणाराही त्या रेघेचाच आधार घेतो, नाहीतर 68 ओरडायचा की 89 हे ठरवता येणार नाही. आणि 1961 हे साल असं, की कॅलेंडर उलटं टांगलं तरी तेच वाचलं जाईल.

पानाच्या जागी फोटो डिजिटल काट्याचा असेल तर धोका वाढतो. डेअरीतल्या वजनकाट्यावर किंवा मीटरवर अंक सात लहान पट्ट्यांनी बनतात. या घडणीत 2 आणि 5 सुद्धा उलटे केल्यावर स्वतःसारखेच राहतात. म्हणजे 0, 1, 2, 5, 6, 8, 9 असे दहातले सात अंक उलट्यातही अंकच दिसतात. फक्त 3, 4 आणि 7 उघडे पडतात. शाळेत कॅल्क्युलेटर उलटा धरून त्यावर इंग्रजी शब्द वाचायचा खेळ ज्यांनी खेळला असेल त्यांना हे ठाऊक आहे : 3 चा तिथे E होतो, 4 चा h आणि 7 चा L.

उलट्या फोटोइतकाच आडवा फोटो येतो, आणि त्याची चूक वेगळ्या जातीची असते. पाव फेरीत अंक बदलून दुसरे अंक होत नाहीत, ते फक्त आडवे पडतात. त्यामुळे अंक चुकत नाही. चुकते ती सारणीची मांडणी. दुधाची सारणी घड्याळाच्या दिशेने पाव फेरी फिरवली तर डावा स्तंभ वरची ओळ होतो, उजवा स्तंभ खालची ओळ, आणि शीर्षकं उजव्या टोकाला जातात. डावीकडून वाचायला घेतलं की 40–50 हा वर्ग पहिला येतो. इथे क्रम उलटतो पण जोड्या मोडत नाहीत; 40–50 च्या खाली त्याचाच 8 असतो. मध्य काढायचा असेल तर क्रमाने काही बिघडत नाही, कारण बेरीज कुठूनही केली तरी तीच. संचित वारंवारता मांडायची असेल तर मात्र बिघडतं. ‘पेक्षा कमी’ची सारणी करायला जावं आणि ‘पेक्षा जास्त’ची व्हावी.

फोटो विरुद्ध बाजूला फिरला असेल तर शीर्षकं डावीकडे येतात आणि सारणी अगदी नेहमीची आडवी सारणी वाटते. पण वर जी ओळ आहे ती वारंवारतेची असते. पुस्तकात आडव्या सारणीत वर प्राप्तांक आणि खाली वारंवारता असते, त्या सवयीने आपण वरचीला प्राप्तांक समजतो. वर्ग 10–20 असे लिहिलेले असतील तर लगेच कळेल. पण दोन्हींत साधे आकडे असतील आणि पाठवणाऱ्याच्या अंगठ्याने शीर्षक झाकलं असेल, तर?

समजा, एका वाडीतल्या 40 घरांत किती माणसं राहतात याची सारणी आहे. 1 माणसाची 4 घरं, 2 माणसांची 7, 3 माणसांची 12, 4 माणसांची 9 आणि 5 माणसांची 8. गुणाकारांची बेरीज 130, घरं 40, म्हणजे घरटी सरासरी 3.25 माणसं. आता ओळी उलटसुलट समजल्या तर 4 माणसांचं 1 घर, 7 माणसांची 2 घरं, असं होत जातं. गुणाकारांची बेरीज तरीही 130 च येते, कारण चार एके चार आणि एक चोक चारच. बदलतो तो भाजक. घरं होतात 1, 2, 3, 4, 5 मिळून 15, आणि सरासरी 8.67. घरात आठ-नऊ माणसं हे वाडीत अशक्य नाही, म्हणून उत्तराकडे पाहून संशय येत नाही. मात्र प्रश्नात 40 घरं म्हटलं आहे आणि इथे 15 भरतात. उलट्या फोटोत फसणारा बेरजेचा ताळा आडव्या फोटोत कामाला येतो. वारंवारतेची ओळ कुठली याची शंका असेल तर दोन्ही ओळींची बेरीज करावी. प्रश्नातल्या एकूण संख्येशी जी जुळते ती वारंवारता.

आणखी एक प्रकार क्वचित येतो, तो आरशाचा. सेल्फी कॅमेऱ्याने वही टिपली की काही फोनांत प्रतिमा डावी-उजवी होऊन साठवली जाते. शिरोरेषा वर आहे, तरी अक्षरं वाचता येत नाहीत, असं दिसलं की तो आरसा समजावा. तो कितीही फिरवला तरी सुलटा होत नाही. त्यासाठी एडिटमधलं ‘फ्लिप’ लागतं.

फोन पान उलटं का टिपतो, असं मला एका पालकांनी विचारलं होतं. फोनमध्ये गुरुत्वाकर्षणाची दिशा ओळखणारा एक लहानसा संवेदक असतो. भिंतीकडे तोंड करून फोन उभा धरला की कुठली कड जमिनीकडे आहे हे त्याला स्वच्छ कळतं. पण पुस्तक टेबलावर ठेवून आपण फोन त्याच्यावर आडवा, जमिनीला समांतर धरतो. आता गुरुत्वाकर्षण पडद्याच्या आरपार जातं, चारही कडांना सारखंच. फोनला वर कुठलं हे ठरवायला आधारच उरत नाही. तो बहुधा आधीची माहीत असलेली दिशा धरून बसतो, किंवा हाताच्या किंचित कलण्यावरून काहीतरी ठरवतो. पुस्तक भिंतीला टेकवून, थोडं कललेलं ठेवून फोटो काढला की ही अडचण बरीच कमी होते.

दिशा ठरली तरी कॅमेरा प्रत्यक्ष चित्र फिरवतोच असं नाही. बरेच फोन चित्र जसंच्या तसं ठेवतात आणि फाइलच्या पोटात एक चिठ्ठी लिहितात, की दाखवताना असं वळवून दाखवा. या चिठ्ठ्यांच्या पद्धतीला एक्झिफ म्हणतात. ती जपानमध्ये 1995 साली ठरली. चिठ्ठीत एकच आकडा असतो : 1 म्हणजे जसं आहे तसं, 3 म्हणजे अर्धी फेरी, 6 आणि 8 म्हणजे पाव फेरी इकडे किंवा तिकडे. इथेही सहा आलाच! जे अ‍ॅप चिठ्ठी वाचतं तिथे फोटो सरळ दिसतो. जे वाचत नाही, किंवा पाठवताना चिठ्ठी फेकून देतं आणि चित्र मात्र वळवत नाही, तिथे तोच फोटो आडवा पडतो. म्हणून मुलगी शपथेवर सांगते की माझ्याकडे सरळ दिसतोय, आणि ती खोटं बोलत नसते. तिने एकदा फोटो एडिटमध्ये फिरवून पुन्हा मूळ जागी आणून जतन केला, किंवा सरळ दिसतानाच त्याचा स्क्रीनशॉट घेऊन तो पाठवला, की माझ्याकडेही तो सरळच येतो.

आता मी उदाहरण सोडवायच्या आधी सारणी कोऱ्या कागदावर उतरवते. फोटो सुलटा करून झाल्यावर, मनात नव्हे, प्रत्यक्ष. उतरवताना प्रत्येक 6 आणि 9 खाली हाउजीच्या सोंगटीसारखी रेघ मारते. रेघ मारायला डोळा तिथे क्षणभर थांबतो, तेवढं पुरतं. मग वर्ग सलग आहेत का पाहते : एका वर्गाची वरची मर्यादा तीच पुढच्याची खालची. प्राप्तांक असतील तर ते चढते आहेत का पाहते. उलट्या वाचनात चढता क्रम सहसा मोडतो. 61, 66, 68, 81, 86 ही ओळ उलटी धरून पाहा, 98, 18, 89, 99, 19 असा धिंगाणा दिसेल. ‘पेक्षा कमी’च्या संचित वारंवारतेचा स्तंभ तर कधी उतरूच शकत नाही. वारंवारतेवर मात्र असं कुठलंच बंधन नाही, ती वर-खाली कशीही जाते. तिथे फक्त बेरीज, आणि बेरजेची मर्यादा वर दिसलीच. म्हणून वारंवारतेच्या स्तंभातले सहा-नऊ मी फोटो मोठा करून एकेक पाहते. खालचं पोट गोल असलेला सहा, वरचं गोल असलेला नऊ.

तरीही एखादा चौकोन लागत नाही. सावली पडलेली असते, पानाच्या मधल्या घडीत अंक वळलेला असतो. अंदाजाने भरण्यापेक्षा मी विचारते, आणि फोटो पुन्हा मागवत नाही. तो पुन्हा तसाच येतो. ‘तिसऱ्या ओळीत किती शेतकरी आहेत, बोलून पाठव’ असं लिहिते. बोललेल्या आकड्याला वर-खाली नसतं. फक्त एकेक अंक सुटा सांग म्हणते, कारण एकोणसाठ की एकोणसत्तर यात हल्लीची मुलंच गडबडतात. त्या रात्रीच्या मुलीला मी नंतर हेच सांगितलं. आता तिचा उलटा फोटो येतो आणि पाठोपाठ दहा सेकंदांचा आवाज : ‘सहा. नऊ. एक-सहा. एक-एक. आठ. मॅडम, बेरीज पन्नास आहे, मी केली.’